वॉशर बदललं तरी नळ पुन्हा टपकतो? जुनं वॉशर फेकू नका, आधी ते नीट बघा

मंडळी, आमच्या इंदूरकडे हा त्रास घरोघरी आहे. नळ टपकतो, प्लंबर येतो, वॉशर बदलतो, पैसे घेऊन जातो, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा टप टप सुरू. मी आपल्या आणि नातेवाइकांच्या घरचे असे बरेच नळ उघडलेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण त्या जुन्या वॉशरवरच उमटलेलं असतं, फक्त ते काढलं की कुणी बघत नाही, सरळ कचऱ्यात. म्हणून ही पोस्ट. ज्यांनी आजवर पाना हातात धरला नाही त्यांना पण जमेल असं सांगतो, आणि कुठे थांबायचं ते पण.

आधी लक्षणं

हे सगळं ज्या नळाला चार-पाच वेळा फिरवून उघडावं लागतं, त्या जुन्या पद्धतीच्या पितळी किंवा क्रोमवाल्या नळासाठी आहे. त्यात साधारण असं दिसतं:

- नळ बंद केल्यावर तोंडातून थेंब पडत राहतात, आणि दर महिन्याला थोडा जास्त जोर लावून बंद करावा लागतो.
- जोरात आवळला की थांबतो, हलका बंद केला की टपकतो.
- खालच्या मजल्यावरचा टपकतो, वरचा तसाच नळ टपकत नाही.
- नळ अर्धा उघडला की घर्रर्र आवाज येतो, किंवा पाइप थरथरतो.
- वॉशर नवीन आहे तरी टपकतो. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, त्यावर खाली बरंच बोलायचं आहे.

नळाच्या आत काय होतं ते दोन ओळीत सांगतो, नाहीतर पुढचं नुसतं पाठ करावं लागेल. पाणी खालून एका गोल भोकातून वर येतं, त्या भोकाची पितळेची जी कड असते तिला सीट म्हणतात. मूठ फिरवली की स्पिंडल, म्हणजे मुठीची दांडी, खाली येतो, त्याच्या टोकाला छोटी पितळी चकती-दांडी असते तिला जंपर म्हणतात, आणि जंपरच्या खाली रबराचं वॉशर. हे वॉशर सीटवर दाबलं गेलं की पाणी बंद. म्हणजे गळती थांबवणारे दोघं आहेत, रबर आणि पितळेची कड, आणि सगळे फक्त रबर बदलतात.

पैसा न लागणारे चेक

सगळ्यात आधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघा. नळ कोरड्या फडक्याने पुसा, बंद करा, आणि मोबाइलचा टॉर्च लावून दोन मिनिटं बघत रहा. तोंडातून थेंब येत असेल तर वॉशर किंवा सीट. मुठीच्या खालून, दांडीच्या बाजूने पाणी झिरपत असेल आणि तेही नळ चालू असतानाच, तर वॉशरचा काही संबंध नाही, ती दांडीभोवतीची, ग्लँडची पॅकिंग आहे. भिंतीला जिथे नळ लागलाय तिथून ओल असेल तर थ्रेडची गळती, तिथे वॉशर बदलून काहीच होणार नाही. हा चेक एवढ्यासाठी की चुकीच्या जागी पाना लावून चांगला चालणारा जॉइंट हलवण्यात काही अर्थ नाही.

मग मूठ किती फिरते ते बघा. पाव किंवा अर्ध्या फेरीत पूर्ण उघडत असेल तर त्यात बहुतेक रबराचं वॉशर नसतं, आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते आख्खं बदलायचं असतं. असा नळ असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, कार्ट्रिज काढून सेम टू सेम नमुना दुकानात न्यावा लागतो.

नळ बंद केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पडणारे थेंब मोजू नका, विशेषतः लांब मानेच्या किचनच्या नळात आतलं राहिलेलं पाणी निथळत असतं. नंतर पण चालू राहिलं तर ती गळती. त्याखाली एक लिटरची रिकामी बाटली ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो तो कागदावर लिहा. हा आकडा पुढे लागतो, काम झाल्यावर सुधारलं की नाही हे अंदाजाने सांगता येत नाही, बाटलीने येतं.

आणि प्रेशर. टाकी नळाच्या पातळीपेक्षा जितकी उंच तितका जोर, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर. म्हणून तीन मजली घरात टाकी गच्चीवर आणि तळमजल्याचा नळ टपकतो, पण तिसऱ्या मजल्याचा तसाच घासलेला नळ गप्प बसतो. नर्मदेच्या डायरेक्ट लाइनवरचा नळ पाणी आलेल्या दिवशीच टपकेल, एरवी कोरडा. मग लोक म्हणतात आपोआप बरा झाला, बरा झालेला नसतो, लाइनीत पाणी नसतं एवढंच.

पाणी बंद होतंय का, हे आधी नक्की करा

काम सुरू करायच्या आधीचा हा चेक कधीच सोडू नका. नळाच्या खाली अँगल कॉक असेल तर तो, नाहीतर टाकीवरून खाली येणाऱ्या पाइपवरचा गेट वॉल किंवा बॉल वॉल बंद करा, आणि मग टपकणारा नळ पूर्ण उघडून ठेवा. धार बारीक होत होत पूर्ण थांबली पाहिजे. पाच मिनिटांनी पण बोटाएवढी धार चालूच असेल तर वॉल धरत नाहीये, आणि अशा वेळी नळाचं डोकं, म्हणजे मुठीसकट वरचा भाग, काढलं तर सगळं पाणी अंगावर. जुने गेट वॉल बऱ्याच वर्षांनी फिरवले की असेच अर्धवट बंद होतात, त्यांना जबरदस्ती करू नका, आतला दांडा तुटतो. वॉल धरत नसेल तर एक तर टाकी रिकामी करून काम करा, नाहीतर इथेच थांबून प्लंबरला बोलवा आणि आधी वॉल बदलून घ्या.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं, त्यामुळे डायरेक्ट लाइनवरच्या नळासाठी ज्या दिवशी पाणी नाही तो दिवस निवडायचा, वेगळा वॉल नसला तरी चालतं. पण दोन गोष्टी. लाइनीत थोडं पाणी उरलेलं असतं, खाली बादली लावा. आणि रिकामी लाइन हवा आत ओढते, म्हणून उघडा नळ तसाच ठेवून बाजारात जाऊ नका, तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, नाहीतर माती-केर आत जाईल आणि हे प्यायचं पाणी आहे. रस्त्याच्या बाजूला जिथे नगर निगमच्या लाइनीतून कनेक्शन घेतलंय तिथला काही पण सामान स्वतः फिरवू नका.

गीझरच्या गरम नळाचं काम असेल तर आधी गीझरचा स्विच बंद, मग त्याच्या इनलेटचा कॉक बंद, आणि पाणी निवू द्या. आजूबाजूला ओलं असताना चालू गीझरजवळ काम करायचं नाही.

सामान

दहा इंची स्लाइड पाना (ज्याचा जबडा चाकीने मोठा-छोटा होतो तो), एक चपटा आणि एक प्लस पेचकस, पक्कड, दोन जुनी सुती फडकी, जुना टूथब्रश, पांढरा सिरका, थोडं सिलिकॉन ग्रीस, आणि वॉशर. ग्रीस नसेल तर नळाचं काम त्यावाचून अडत नाही, पण किचनच्या नळात मशीनचं काळं ग्रीस मात्र घालू नका.

वॉशर आधी आणायच्या भानगडीत पडू नका, जुनं काढून तेच घेऊन दुकानात जा. सियागंजमध्ये किंवा कुठल्या पण कॉलनीच्या हार्डवेअरवाल्याकडे मागितलं की तो विचारतो अर्ध्या इंचाचं की पाऊण, ते माप पाइपचं असतं, वॉशर स्वतः त्यापेक्षा रुंद दिसतं, म्हणून पट्टीने मोजून गोंधळू नका. जुन्यावर नवीन ठेवून बघायचं, बाहेरची कड आणि मधलं भोक दोन्ही जुळलं पाहिजे. मोठं असलं तर नळाच्या आतल्या भिंतीला घासून कुरतडतं, छोटं असलं तर सीटच्या कडेवर पूर्ण बसतच नाही. दोन-तीन जास्तीची घ्या, काही रुपयांची वस्तू आहे. गरम पाण्याच्या नळासाठी दुकानदाराला स्पष्ट सांगा गरमचं आहे म्हणून, साधं मऊ रबर गरम पाण्यात फुगतं.

नळ उघडणे

बेसिन असेल तर जाळीवर फडकं टाका, छोटा स्क्रू आत गेला की वेगळं काम वाढतं. नळ आधीच पूर्ण उघडा ठेवलाय ना? राहू द्या, तो उघडाच पाहिजे. बंद स्थितीत डोकं खोललं तर वॉशर सीटवर दाबलेलं राहतं, थ्रेडवर ताण येतो, आणि सीट खरवडली जाते.

मुठीवरचं प्लास्टिकचं झाकण चपट्या पेचकसने हळूच उचका, खाली स्क्रू असतो, तो काढून मूठ वर ओढा. जुन्या पितळी नळात बऱ्याचदा मूठ काढायची पण गरज नाही, खालचा मोठा षटकोनी नट सरळ दिसतो. याच्या वर दांडीला चिकटून एक छोटा नट असतो, तो ग्लँडचा, त्याला हात लावायचा नाही. खालचा मोठा. त्यावर फडकं गुंडाळा म्हणजे क्रोम जाणार नाही, पान्याचा जबडा घट्ट बसवा.

आता ही गोष्ट लक्ष देऊन वाचा, पहिल्यांदा करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. एका हाताने पाना डावीकडे फिरवताना दुसऱ्या हाताने नळाची बॉडी घट्ट धरायची, ती भिंतीत अजिबात फिरली नाही पाहिजे. नवीन घरांत भिंतीच्या आत सीपीव्हीसीचा पाइप आणि त्याला पितळी थ्रेडचा एल्बो असतो, बॉडी फिरली तर तो एल्बो आत तडकतो, आणि मग टाइल फोडल्याशिवाय सुटका नाही. जुन्या घरांत लोखंडी जीआय पाइप असतो, तो गंजलेला असला तर थ्रेडवरच तुटतो. म्हणून नट हाताच्या साध्या जोराने सुटत नसेल तर पान्यावर पाय देणे, हातोडी मारणे, पाइप लावून लांबी वाढवणे, यातलं काहीच नाही. सिरक्यात भिजवलेलं फडकं नटाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं, आणि पुन्हा प्रयत्न. तरी नाही सुटला, किंवा बॉडी हलतेय असं वाटलं, तर थांबा आणि प्लंबर बोलवा.

सुटला की सगळं डोकं फिरवून वर काढा. कधी जंपर त्यासोबत येतो, कधी आतच सीटवर राहतो, तो पक्कडीने उचला.

जुनं वॉशर वाचणे

आता ते वॉशर धुऊन, पुसून उजेडात धरा. मी इथे सगळ्यात जास्त वेळ देतो.

पूर्ण गोल, सगळीकडे सारखी खोल अशी रिंग उमटलेली आहे आणि रबर नखाने दाबलं तर कडक लागतंय, तर आनंदाची बातमी, वॉशरचं वय झालंय, बाकी सगळं ठीक आहे. नवीन घाला, काम झालं, हा नळ बराच काळ त्रास देणार नाही.

रिंग आहे पण एका जागी त्यात जास्त खोल खड्डा किंवा चीर पडलेली आहे, तर सीटवर त्या जागी काहीतरी वर आलेलं आहे. आमच्या बोरिंगच्या पाण्यात ते बहुधा पांढरा क्षार असतो, कधी पाइपमधून आलेला गंजाचा कण.

उलट, रिंग एका जागी तुटलेली आहे, म्हणजे सगळीकडे छाप उमटलाय आणि थोड्याशा जागेत रबर सपाटच आहे, तर तिथे रबराला टेकायला पितळ मिळालंच नाही. सीटमध्ये तिथे खाच आहे. पाणी वर्षानुवर्षं एकाच बारीक फटीतून जोरात जात राहिलं की पितळ कापत जातं. हीच ती केस ज्यात वॉशर वारंवार बदललं जातं आणि नळ थांबत नाही.

आणि वॉशर मऊ, फुगलेलं, कडेने चिंध्या झालेलं असेल तर एक तर रबर हलकं होतं, नाहीतर गरम पाणी, नाहीतर घरात कुणीतरी नळ पिळून पिळून बंद करतंय. मधलं भोक मोठं होऊन वॉशर जंपरवर सैल फिरत असेल तर तो घर्रर्र आवाज त्याचाच. वॉशरचा तुकडा गायब असेल तर तो आत शोधा, पुढे अडकून धार कमी करतो.

सीट बघणे, आणि एका नळाची गोष्ट

टॉर्च लावून नळाच्या आत बघा आणि करंगळी सीटच्या कडेवरून हळू फिरवा. मग सिरक्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत वीस-तीस मिनिटं ठेवा, टूथब्रशने घासा, कपभर पाणी ओतून धुवा. पुन्हा बोट फिरवा. खरखर गेली तर तो क्षार होता आणि तुमचं काम झालं. तरी नख अडकत असेल तर पितळ गेलंय. सॅंडपेपर किंवा पेचकसने सीट खरवडायची नाही, एक बाजू खाली गेली की वॉशर कधीच पूर्ण टेकणार नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचं घर सुदामा नगरात, मागच्या बाजूला भांडी घासायची मोरी आहे, तिथला पितळी नळ बोरिंगच्या टाकीवर आहे. वर्षभरात त्याचं वॉशर पुन्हा पुन्हा बदलून झालं होतं, काकूंना वाटायचं वॉशरच हल्ली खराब येतात. मी बाटली लावली, एक लिटर अडीच तासात भरली, म्हणजे दिवसाला साडेनऊ-दहा लिटर. तसं बघितलं तर रोजची जवळपास एक बादली.

डोकं काढलं, वॉशर खरंच जवळजवळ नवीन होतं, रबर मऊ, रिंग छान उमटलेली, पण एका जागी गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत छाप नव्हता. सीटवर पांढरा थर. सिरका लावला, घासलं, थर गेला आणि खाली केसासारखी बारीक आडवी खाच दिसली, नख बरोबर तिथेच अडकायचं. काकूंना टॉर्चमध्ये दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मग एवढे दिवस आपण वॉशरलाच दोष देत होतो की!" नवीन वॉशर घालून बाटली पुन्हा लावली, कारण सीट खराब असली तरी नव्या रबराने किती फरक पडतो हे बघायचं होतं. या वेळी बाटली भरायला सहा-सात तास लागले. म्हणजे फरक पडला, पण थांबलं नाही, आणि रबर कडक झालं की पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. प्रत्येक वेळी हेच होत होतं, वॉशर बदललं की काही दिवस कमी व्हायचं आणि सगळ्यांना वाटायचं काम झालं.

मग प्लंबरभैयांना बोलावलं आणि फोनवरच सांगितलं की सीट घासायचं कटर घेऊन या. ते कटर नळाच्या थ्रेडमध्ये बसतं, हाताने दोन-तीन हलक्या फेऱ्या, जेमतेम पितळाचा भुगा निघतो, कड पुन्हा चकचकीत आणि सपाट. भुगा धुऊन काढला, आधीचंच नवं वॉशर उलटं न करता बाजूला ठेवलं आणि दुसरं कोरं घातलं, कारण त्या पहिल्यावर खाचेचा छाप बसायला लागला होता. रात्रभर बाटली लावली, सकाळी आत थेंब नाही.

हे कटर विकत मिळतं, पण एका नळासाठी घ्यावं असं मला वाटत नाही. तिरकं धरलं किंवा जास्त कापलं तर सीट पातळ होते आणि नळच जातो. हलक्या मिश्र धातूच्या स्वस्त नळात आणि प्लास्टिकच्या नळात हे करू पण नका, तिथे सरळ नळ बदला.

नवीन वॉशर घालून परत बसवणे

जंपरला खाली छोटा नट किंवा स्क्रू असेल तर तो पक्कडीने सोडवा, जुनं वॉशर काढा, पितळी चकतीवर चिकटलेलं रबर नखाने साफ करा, नवीन घाला, नट बसेल इतकाच आवळा. जास्त आवळला तर वॉशर मधे दबून कडेने वर येतं आणि वाटीसारखं होतं, मग सीटवर सपाट बसत नाही. जुनं वॉशर उलटं करून घालायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, दुकान बंद असेल तर एका रात्रीपुरती ठीक, त्यापेक्षा जास्त नाही.

स्पिंडलच्या थ्रेडला बोटभर सिलिकॉन ग्रीस लावा. मूठ फिरवून स्पिंडल वर घ्या, म्हणजे नळ उघड्या स्थितीत. मग डोकं आधी हाताने फिरवून बसवा, दोन-तीन फेऱ्या सहज गेल्या पाहिजेत, नाही गेल्या तर थ्रेड वाकडा धरलाय, काढून पुन्हा. शेवटी पान्याने हलकं आवळा, बॉडी दुसऱ्या हातात धरूनच. डोक्याखाली फायबरची चकती असेल तर ती परत घालायला विसरू नका, ती नसली तर त्या जोडातून पाणी येईल.

नळ बंद करा, आणि वॉल हळूहळू उघडा, एकदम नाही. मग नळ थोडा उघडून हवा निघू द्या, फुस फुस करून धार सरळ होईल. आता बंद करताना थेंब थांबला की हात थांबवा. घरातल्या सगळ्यांना हे सांगा, मुलांना पण, कारण नव्या मऊ वॉशरला पिळायची गरजच नसते आणि जुनी सवय हाताला राहिलेली असते. पहिल्या दिवशी एखाद-दुसरा थेंब पडला तर घाबरू नका, वॉशर सीटवर बसायला थोडा वेळ घेतं. दुसऱ्या दिवशी बाटली लावा.

मुठीखालून झिरपायला लागलं तर ग्लँडचा तो छोटा नट अगदी थोडा, पाव फेरीपेक्षा पण कमी, उजवीकडे आवळा. मूठ जड झाली तर जास्त झालं, थोडा सोडा. तरी झिरपत असेल तर नट काढून दांडीभोवती ग्रीस लावलेला सुती दोरा दोन-तीन वेढे घालून परत बसवा.

इथे थांबा, प्लंबर बोलवा

काही गोष्टी वर आल्याच आहेत, मेन वॉल न धरणं, बॉडी भिंतीत फिरणं, नट न सुटणं, सीटमध्ये नख अडकणं. अजून दोन आहेत. मूठ नुसती फिरत राहते, पकडच घेत नाही, तर स्पिंडलचे थ्रेड झिजलेत. जुन्या साध्या नळाचा स्पिंडल मिळाला तर बदलता येतो, नाही मिळाला तर नवीन नळ. आणि भिंतीत गाडलेला शॉवरचा मिक्सर किंवा डायव्हर्टर, किंवा नळ पुसून कोरडा केला तरी आजूबाजूच्या टाइलमधून ओल येतेय, तर तिथे स्वतः काही उघडू नका. मल्टीत राहत असाल आणि पाणी बंद करायचा वॉल कॉमन लाइनवर असेल तर आधी खालच्या-वरच्यांना सांगून घ्या, मग वॉलला हात लावा.

प्लंबरला फोन करताना नुसतं "नळ टपकतोय" म्हणू नका, तो खिशात वॉशर टाकून येईल. वॉशर नवीन आहे, रिंग एका जागी तुटलेली उमटतेय, सीटला खाच आहे, कटर आणा, असं सांगा. आणि तो आल्यावर जुनं वॉशर त्याला दाखवा, म्हणून तर सांगत होतो फेकू नका.